नोटीस गेली, माल परत आला का?

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेला आदेश दिला. तुमच्यामार्फत विकले गेलेले २,२६५ प्रेशर कुकर सक्तीच्या मानकात बसत नाहीत, तेव्हा प्रत्येक ग्राहकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत करा आणि ४५ दिवसांत अहवाल द्या. आदेश योग्य होता आणि पाळण्यासारखाही होता, कारण त्या कंपनीकडे प्रत्येक खरेदीदाराचा पत्ता आणि फोन नंबर होता.

असाच सदोष माल लोहार चाळीतून गेला असता तर? मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या या बाजारात कारखानदाराचा संबंध फार तर दहा-पंधरा मोठ्या वितरकांशी येतो. वितरकाकडून माल होलसेल दुकानात जातो, तिथून डोंबिवलीच्या रिटेलरकडे, रत्नागिरीच्या दुकानदाराकडे, एखाद्या हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्याकडे, मंडप डेकोरेटरकडे. शेवटी बोर्ड भिंतीला लावतो त्या माणसाचं नावही कारखान्याला माहीत नसतं. धोकादायक माल परत बोलावण्याची आपली सगळी चर्चा मात्र ग्राहकाभोवती फिरते. वर्तमानपत्रात जाहिरात आली, वेबसाइटवर सूचना लागली की काम झालं असं आपण धरून चालतो. मी बरीच वर्षं विजेच्या सामानाच्या वितरणात आहे आणि माझं म्हणणं नेमकं उलट आहे. अशा मालाची परतबोलावणी व्यापारी खरेदीदाराला गेलेल्या पत्रावर तरते किंवा बुडते. ते पत्र कसं असावं आणि किती वेळात जावं हे कारखानदाराच्या मर्जीवर सोडता कामा नये.

एक प्रकरण समोर धरू. नावं आणि आकडे मी मांडणीसाठी घेतले आहेत, पण त्यातला दोष आणि त्यातल्या अडचणी या धंद्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीच्या आहेत. वसईतला एक छोटा कारखाना चार सॉकेटचा १६ अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड बनवतो. सॉकेटच्या आत प्लगची पिन धरून ठेवणारी धातूची पट्टी असते. पूर्वी ती फॉस्फर ब्राँझची होती. मार्चमध्ये पुरवठादाराने साध्या पितळेची, थोडी पातळ पट्टी दिली आणि ती तशीच वापरली गेली. जूनअखेरपर्यंत ६,४०० बोर्ड बनले, त्यातले ५,८०० चौदा वितरकांकडे गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला तीन ठिकाणांहून वितळलेले बोर्ड परत आले.

आता हा दोष दुकानात का दिसत नाही ते बघा, कारण सगळं पत्र त्यावर बेतायचं आहे. फॉस्फर ब्राँझ तापलं तरी आपला ताण बराच टिकवून धरतं. पितळ गरम होत राहिलं की ढिलं पडतं. पकड ढिली झाली की पिन आणि पट्टी यांच्यातला विरोध वाढतो. चांगल्या सॉकेटमध्ये तो काही मिलिओहम असतो. पाच मिलिओहम धरला तर १० अँपिअरच्या लोडवर तिथे जेमतेम अर्धा वॅट उष्णता तयार होते. पकड बिघडून तोच विरोध ०.२ ओहमवर गेला की त्याच १० अँपिअरला २० वॅट होतात. म्हणजे बंद प्लास्टिकच्या डबीत एक लहान सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास चालू ठेवल्यासारखं ते आहे. प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग वितळतं.

आणि एमसीबी पडत नाही. करंट वाढलेलाच नसतो, तो १० अँपिअरच असतो. गळती नसते, त्यामुळे ईएलसीबीही गप्प राहतो. "आमच्याकडे सगळी ब्रेकर सिस्टिम आहे, आम्हाला काही होत नाही" असं सोसायटीचा किंवा हॉटेलचा मेंटेनन्सवाला म्हणतो तेव्हा तो मनापासून म्हणत असतो, पण या दोषापुढे त्याच्या ब्रेकरचा काही उपयोग नाही. वापरातल्या बोर्डावर खुणा दिसतात. पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडा येते, प्लग काढताना हाताला गरम लागतो, प्लग आपल्या वजनानेच लोंबतो. खोक्यातल्या कोऱ्या बोर्डावर यातलं काहीच नसतं. टेस्टर लावा, सिरीज लॅम्प लावा, पास होतो. दुकानदार तपासतो, "माल तर ओके आहे" म्हणतो आणि पुन्हा रॅकवर ठेवतो. म्हणून पत्रात "माल तपासून घ्यावा" असं लिहिणं निव्वळ बिनकामाचंच नाही, ते घातक आहे.

प्रत्यक्षात जी पत्रं जातात ती साधारण अशी असतात: गुणवत्तेविषयी आमची बांधिलकी अमुक तमुक, काही निवडक बॅचेसमध्ये आढळलेल्या तांत्रिक बाबींच्या अनुषंगाने खबरदारी म्हणून आपल्या सोयीनुसार साठ्याचा आढावा घ्यावा ही विनंती. खाली सही कुणाची ते कळत नाही. दुकानातला पोऱ्या ते वाचतो, शेठला सांगतो की कंपनीचा काहीतरी मेल आलाय, आणि विषय तिथे संपतो. त्याला आग हा शब्द कुठे दिसलेलाच नसतो. दोष त्याचा नाही.

त्याच वसईच्या कारखान्याने पुढच्यासारखं लिहिलं तर काय होईल?

"विषय: चार सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड, बॅच ०३ ते ०६. आगीचा धोका. विक्री आत्ताच थांबवा.

नमस्कार. मार्च ते जून या काळात आम्ही तुम्हाला दिलेल्या चार सॉकेटच्या १६ अँपिअर बोर्डांत दोष आहे. सॉकेटच्या आतली पट्टी लोडवर ढिली पडते, तिथे उष्णता साठते, बोर्ड वितळतो आणि आग लागू शकते. आजपर्यंत तीन ठिकाणी बोर्ड वितळल्याचं आम्हाला कळलं आहे. कुणाला इजा झालेली नाही. दोष आमच्या मालात आहे, तुमच्या साठवणुकीचा किंवा हाताळणीचा त्यात काही संबंध नाही.

बोर्डाच्या मागच्या स्टिकरवर बॅच ०३, ०४, ०५ किंवा ०६ असेल तर तो बोर्ड परत द्यायचा आहे. स्टिकर निघालेला असेल तरी परत द्यायचा आहे. चालवून बघू नका. नवा बोर्ड तपासणीत चांगलाच दिसतो.

आज हे बोर्ड रॅकवरून आणि गोदामातून काढून वेगळे ठेवा, वर 'विकू नये' असं लिहा. उद्या दुपारी १२ पर्यंत किती नग आहेत ते कळवा. एकही नसेल तर 'शून्य' असं कळवा. आमचा टेम्पो सकाळी ८ च्या आत येऊन माल घेऊन जाईल. मूळ खोकं किंवा बिल लागणार नाही. तुमच्या खरेदी दराने पूर्ण रकमेची क्रेडिट नोट माल उचलला त्याच दिवशी मिळेल, किंवा बदली माल हवा असेल तर तसं सांगा. तुम्ही पुढे ज्यांना विकला त्यांच्यासाठी वेगळं पत्र सोबत आहे, ते आजच पाठवा. तुमचं गिऱ्हाईक तुमच्याकडे बोर्ड परत आणेल, त्याला तुम्ही दिलेली पूर्ण रक्कम आम्ही भरून देऊ.

या गैरसोयीबद्दल आम्ही तुमची माफी मागतो. काही विचारायचं असेल तर खालचा नंबर माझा स्वतःचा आहे."

खाली कारखान्याच्या मालकाचं नाव आणि सही.

या पत्रात जोर कुठेच चढवलेला नाही. घाबरवणारं विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही. पण आगीचा धोका विषयाच्या ओळीत आहे, कारण गोदामात पत्राची तेवढीच ओळ वाचली जाते. किती घटना झाल्या हे सांगितलंय आणि कुणाला लागलं नाही हेही सांगितलंय. ही दोन वाक्यं एकत्र हवीत. पहिलं गाळलं तर व्यापाऱ्याला वाटतं उगाच चाललंय, दुसरं गाळलं तर बाजारात दुपारपर्यंत भलत्याच अफवा उठतात. दोष आमचा, तुमचा नाही, हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. परतबोलावणीचं पत्र आलं की दुकानदाराच्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की आता आपल्यावर ढकलणार. ती भीती एका वाक्यात काढून टाकली की पुढचं तो शांतपणे वाचतो. माफी शेवटी आणि एकदाच.

"शून्य" कळवण्याची अट फालतू वाटेल, पण मोजणी तिच्यावरच उभी राहते. उत्तर न आलेल्या दुकानात माल नाही की पत्र वाचलंच गेलं नाही, हे एरवी कळायला मार्ग नसतो. शून्य आलं की त्या दुकानावर टिक करता येते. ज्यांच्याकडून काहीच आलं नाही त्यांना दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी माणूस.

आता परतीच्या व्यवस्थेकडे. पत्र कितीही चांगलं असलं तरी परत देणं जिकिरीचं असेल तर माल मागच्या कोपऱ्यात पडून राहतो, आणि दिवाळीच्या गर्दीत कोपऱ्यातला माल पुढे येतो. लोहार चाळीत दुकानं चिंचोळी आहेत, दिवसा गल्लीत गाडी उभी राहत नाही, हातगाडी आणि हमाल लागतात. "माल आमच्या वसईच्या पत्त्यावर पाठवावा" या एका ओळीचा अर्थ व्यापाऱ्याच्या लेखी हमाली, भाडं, एक माणूस आणि अर्धा दिवस असा होतो. त्यात कागद. एखाद्याकडे २४० नग पडून असतील आणि दर ४५० रुपये असेल तर माल १ लाख ८ हजारांचा झाला, वर जीएसटी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. हे बिल काढायचं काम दुकानदाराच्या गळ्यात मारलं की तो निम्मा निम्मा माल करून दोन आठवड्यांनी पाठवतो, किंवा पाठवतच नाही. माल घेणाऱ्यालाही ई-वे बिल काढता येतं, तेव्हा ते कारखान्याने काढावं.

क्रेडिट नोटचंही असंच आहे. आमच्या उदाहरणातला मार्चचा माल मागच्या आर्थिक वर्षातला आहे. मागच्या वर्षीच्या बिलांवरचा जीएसटी क्रेडिट नोटने कमी करून घ्यायची मुदत यंदाच्या ३० नोव्हेंबरला संपते. ऑगस्टमध्ये सुरू झालेली परतबोलावणी "माल तपासून मग बघू" करत दिवाळीपलीकडे गेली तर कारखान्यालाच कराचा फटका बसतो. म्हणजे घाई व्यापाऱ्याच्या आणि कारखान्याच्या, दोघांच्याही हिताची आहे. तपासणी क्रेडिट दिल्यानंतर करा. चार नग चुकीच्या बॅचचे आले तर आले.

आणखी एक पैशाचा मुद्दा आहे, ज्यावर कुणी मोकळेपणी बोलत नाही. वितरकाने ४५० ला घेतलेला बोर्ड ४९० ला पुढे दिला. पुढचा माणूस परत आणतो तेव्हा त्याला ४९० द्यावे लागतात. कारखाना ४५० चीच क्रेडिट नोट देत असेल तर प्रत्येक परत आलेल्या नगामागे वितरकाच्या खिशातून ४० रुपये जातात. मग तो पुढे पत्र कशाला पाठवेल? जे प्रामाणिकपणे पाठवतात ते तोटा सोसतात आणि जे गप्प बसतात त्यांचं काही जात नाही. म्हणून वरच्या पत्रात "तुम्ही दिलेली पूर्ण रक्कम आम्ही भरून देऊ" हे वाक्य आहे. छोट्या कारखान्याला ते जड जातं, मला कल्पना आहे. पण त्याशिवाय बोर्ड दुकानाच्या पुढे गेलेल्या साखळीतून मागे येत नाहीत.

साखळीतली खरी अडचण पुढे आहे. कारखान्याचा माणूस फोन करतो, "शेठ, तुम्ही पुढे कुणाकुणाला दिलेत त्यांची यादी मिळेल का?" शेठ म्हणतात, "यादी कशाला? मी सांगतो ना सगळ्यांना." यादी मिळत नाही. ती का मिळत नाही हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाइकांची यादी म्हणजे त्याचा धंदा. आज आगीच्या नावाखाली दिली तर उद्या कारखाना थेट त्या गिऱ्हाइकाला माल विकेल, ही भीती अगदीच खोटी नाही. यावर भांडण्यात वेळ घालवू नये. पुढे पाठवायचं पत्र कारखान्यानेच मराठी, हिंदी आणि गुजरातीत तयार करून द्यावं, एका पानाचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून जाईल असं, बॅचचा स्टिकर कुठे असतो त्या चित्रासह. वितरकाकडून नावं मागू नयेत, आकडे मागावेत: किती घेतले, किती शिल्लक, किती जणांना विकले, त्यातल्या किती जणांना पत्र पोचलं, किती परत आले. रोखीने, बिलाशिवाय गेलेल्या मालासाठी काउंटरवर तेच पान चिकटवावं.

मुंबईत ऑगस्ट म्हटलं की गणपती. डेकोरेटर याच दिवसांत बोर्ड डझनाने उचलतात. मंडपात कापड, थर्माकोल, हॅलोजन आणि रात्रभर चालणारा लोड, सगळं एका जागी येतं. वितरकाच्या यादीत "डेकोरेटर" हा वर्ग वेगळा काढून त्यांना सगळ्यात आधी, पत्राने नव्हे तर फोन करून सांगायला हवं. सगळ्या खरेदीदारांना एकच पत्र एकाच वेळी पाठवणं वरवर न्याय्य दिसतं, पण बोर्ड कुठे लागणार आहे यावर धोका ठरतो.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो वकिलांकडून येतो. दोष आमचा असं लिहून दिलंत तर उद्या खटल्यात तेच पत्र तुमच्याविरुद्ध उभं राहील. आक्षेप हलका नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनदायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि सदोष मालाने इजा झाली तर उत्पादक जबाबदार ठरतो. पण हे दायित्व मुळात दोषातून येतं, पत्रातून नाही. वितळलेला बोर्ड कोर्टात आला की पट्टी पितळेची आहे हे प्रयोगशाळा सांगेलच. तेव्हा प्रश्न हा विचारला जाईल की तुम्हाला कळल्यावर तुम्ही काय केलंत. त्या प्रश्नाला तारीख घातलेलं स्पष्ट पत्र हेच उत्तर आहे. वकिलाने जरूर वाचावं, कुणाची किती भरपाई हा विषय पत्रात आणू नये असं सांगावं, पण आगीचा धोका या शब्दांना हात लावू नये.

व्यापाऱ्याच्या बाजूनेही कायदा समजून घेण्यासारखा आहे. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा या कायद्यात "ग्राहक" ठरत नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून त्याला कुणी कळवायला बांधील नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे, उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना विकताना पुढे पोचवली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता स्वतः जबाबदार ठरू शकतो. म्हणजे पुढे कळवण्याची जोखीम व्यापाऱ्यावर आहे, आणि त्याला वेळेत, कळेल अशा भाषेत सांगण्याची सक्ती मात्र उत्पादकावर नेमकेपणाने नाही. ही विषम वाटणी मला अन्यायाची वाटते.

माल परत बोलावण्याचे अधिकार आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २० खाली केंद्रीय प्राधिकरणाला आहेत, २०१६ च्या कायद्याने भारतीय मानक ब्यूरोलाही आहेत. पण ते यंत्रणेने आदेश दिल्यावर चालतात. औषधांकडे बघा. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत सगळ्यात गंभीर वर्गातल्या औषधाची विक्री २४ तासांत थांबवायची आणि जास्तीत जास्त ७२ तासांत माल प्रत्यक्ष परत आणायचा अशी मुदत आहे. वाहनांच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-ए मध्ये आणखी शहाणी तरतूद आहे. दोष लक्षात येताच उत्पादकाने स्वतःहून सरकारला कळवून परतबोलावणी सुरू केली तर त्याला दंड नाही. या दोन्ही गोष्टी विजेच्या घरगुती सामानाला लावायला काय हरकत आहे? आगीचा किंवा शॉकचा धोका असलेल्या मालात, दोष कळल्यापासून २४ तासांत प्रत्येक व्यापारी खरेदीदाराला ठरलेल्या नमुन्यातलं पत्र, त्याच्या भाषेत. स्वतःहून केलं तर दंड माफ, लपवलं तर जबर दंड.

आणि अहवालात पत्रं किती पाठवली हा आकडा चालवून घेऊ नये. वसईच्या कारखान्याचं तीस दिवसांनंतरचं चित्र असं असू शकतं: ५,८०० पैकी १,९०० बोर्ड वितरकांच्या गोदामातून आले, १,४५० रिटेलर, सोसायट्या आणि डेकोरेटरकडून आले, २,४५० चा पत्ता नाही. "चौदाही वितरकांना कळवलं, शंभर टक्के पूर्ण" हा अहवाल अशा वेळी खरा असूनही निरुपयोगी आहे. मला हवा तो २,४५० चा आकडा, वितरकवार फोडलेला. एका वितरकाने ६०० घेऊन ५२० परत आणले आणि दुसऱ्याने ६०० घेऊन ३० च आणले, तर दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसावं लागेल, त्याची बिलं चाळावी लागतील, त्याच्या भागातल्या रिटेलर संघटनेला सांगावं लागेल. वर्तमानपत्रातली जाहिरात द्यायची तर तीही याच आकड्यावरून ठरवावी. माल रत्नागिरीकडे गेला असेल तर मुंबई आवृत्तीत जाहिरात देऊन काय साधणार?

परत आलेल्या ३,३५० बोर्डांचाही हिशेब त्याच अहवालात यावा. टेम्पोत चढवण्याआधी दुकानातच प्रत्येक बोर्डाची वायर कापावी, नगांची मोजणी दुकानदाराच्या सहीने व्हावी आणि कारखान्यात पुन्हा मोजणी व्हावी. वायर शाबूत ठेवून भंगारात गेलेला बोर्ड धुऊनपुसून फुटपाथवर शंभर रुपयांना विकायला येतो, आणि तेव्हा त्याच्यावर ना बॅचचा स्टिकर असतो ना तो विकणाऱ्याला कुणी पत्र पाठवलेलं असतं.